बुएन्दियांचं झाड सोडवताना: नावं सोड, आया धर

अगं,

शेवटच्या प्रकरणातला आउरेलियानो नक्की कोणाचा कोण, हे तू विचारलंस आणि मी म्हटलं नंतर सांगते, कारण ते दोन वाक्यांत सांगता येत नाही. मार्केसची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ही कादंबरी मी यावेळी कागद-पेन्सिल घेऊनच वाचली, आणि तिच्यातल्या बुएन्दिया घराण्याची वंशावळ कशी सुटत गेली तेच सविस्तर लिहितेय. तुझं वाचून झालंय म्हणून शेवट फुटण्याची भीती नाही, पण ग्रुपमधल्या बाकीच्यांना हे एवढ्यात पाठवू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे इंग्रजी आवृत्तीत सुरुवातीला जी वंशावळ छापलेली असते तिच्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. ती चुकीची आहे असं नाही, पण तिच्यात नावाखाली नाव, नावाखाली नाव असं उतरत जातं आणि आपली अडचण नेमकी नावांचीच आहे ना. मोजून बघ, होसे आर्कादिओ या नावाची माणसं पाच (त्यातला एक नुसता आर्कादिओ), आणि आउरेलियानो तर बावीस, कारण एकट्या कर्नल आउरेलियानो बुएन्दियाचेच सतरा मुलगे सतरा वेगवेगळ्या बायकांपासून झालेले आणि सगळ्यांचं नाव आउरेलियानो. वर प्रकरणांना नंबर नाही की शीर्षक नाही, वीस प्रकरणं आहेत पण 'सातव्या प्रकरणात बघ' असं कोणी कोणाला सांगू शकत नाही, आपल्या ग्रुपमध्ये अर्धा वेळ त्यातच जातो.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखं वडील-मुलगा असंच मांडत होते, वर होसे आर्कादिओ बुएन्दिया, खाली त्याची मुलं, त्यांच्याखाली त्यांची. तिसऱ्या पिढीपर्यंत ठीक चाललं आणि मग एकदम लक्षात आलं की ह्या कादंबरीत वडिलांवरून पोरं ओळखायला गेलं तर काहीच हाती लागत नाही, कारण नाव वडिलांच्या घराण्यातून येतं आणि तेच ते परत येतं, उलट आया सगळ्या वेगळ्या आहेत. ऊर्सुला, पिलार तेर्नेरा, सांता सोफिया दे ला पिएदाद, फेर्नांदा देल कार्पिओ, मेमे, आमारांता ऊर्सुला. ह्यातली एकही दुसरीसारखी नाही, ना नावाने ना स्वभावाने. मग मी नवीन कागद आडवा घेतला, ह्या सहा जणींची नावं डावीकडून उजवीकडे लिहिली, आणि प्रत्येक नवीन मूल जन्मलं की एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं, हे कोणाच्या पोटचं? उत्तर मिळालं की त्या आईखाली मूल लिहायचं आणि बापाचं नाव बाजूला बारीक अक्षरात.

आणि खरं सांगते, त्या सहा आया म्हणजेच त्या घराण्याचा कणा आहे. मूळ पुरुष होसे आर्कादिओ बुएन्दियापासून त्याच्या बायकोच्या, ऊर्सुलाच्या पोटी होसे आर्कादिओ (दुसरी पिढी, तो जिप्सींबरोबर पळून जातो आणि अंगभर गोंदवून परत येतो तो), त्याच्यापासून पिलारच्या पोटी आर्कादिओ, त्याच्यापासून सांता सोफियाच्या पोटी जुळे भाऊ आणि त्यांची थोरली बहीण सुंदरी रेमेदिओस, जुळ्यांतल्या आउरेलियानो सेगुंदोपासून फेर्नांदाच्या पोटी मेमे, मेमेच्या पोटी आउरेलियानो, आणि त्याच्यापासून आमारांता ऊर्सुलाच्या पोटी ते शेवटचं डुकराच्या शेपटीचं बाळ. सात पिढ्या, सहा आया. बाकी सगळे, म्हणजे ऊर्सुलाचीच दुसरी मुलं कर्नल आणि आमारांता, कर्नलचे ते सतरा जण, हे सगळे फांद्या आहेत ज्या पुढे जात नाहीत.

कर्नलचं नाव आलं म्हणून इथेच सांगते, कारण मला याचंच सगळ्यात आश्चर्य वाटलं. पुस्तकभर ज्याचा दबदबा आहे, बत्तीस लढाया केल्या आणि बत्तीसही हरला, त्याचा वंश पूर्णपणे खुंटतो. त्याची कोवळी बायको रेमेदिओस मोस्कोते पोटात जुळी असताना मरते, पिलारपासून झालेला आउरेलियानो होसे गोळी लागून मरतो, सतरांपैकी सोळा जण एकाच रात्री शोधून मारले जातात आणि उरलेला एकटा कितीतरी वर्षांनी बुएन्दियांच्या घराच्या दारात मारला जातो. म्हणजे नावाने आउरेलियानो पुढे चालू राहतात पण रक्ताने एकही कर्नलचा नाही, सगळे त्याच्या थोरल्या भावाचे. हे कागदावर मांडलं नसतं तर मला कधी दिसलंच नसतं, कारण वाचताना आपण प्रत्येक नव्या आउरेलियानोत कर्नलच शोधत राहतो, आणि घरातले लोकही तेच करतात.

आता पिलार तेर्नेरा. छापील वंशावळीत ती कुठेतरी कडेला तुटक रेषेने जोडलेली असते, मी तिला ऊर्सुलाच्या बरोबरीने मधोमध आणली. विचार कर, तिला दोन मुलं, आर्कादिओ थोरल्या भावापासून आणि आउरेलियानो होसे धाकट्यापासून. म्हणजे ती दोन पोरं बापाकडून चुलत भाऊ आणि आईकडून सख्खे, एका आईचे. आणि ऊर्सुला काय करते तर दोघांनाही घरात आणून वाढवते, पण आर्कादिओला त्याचा खरा जन्म सांगायचा नाही अशी अटच असते. पुढे तोच आर्कादिओ मोठा झाल्यावर पिलारच्या मागे लागतो, ती आपली आई आहे हे त्याला माहीतच नाही, आणि ती बिचारी सांगूही शकत नाही आणि येऊही देऊ शकत नाही, मग ती काय करते, स्वतःच्या आयुष्यभराच्या बचतीतले अर्धे म्हणजे पन्नास पेसो देऊन सांता सोफियाला आपल्या जागी पाठवते. पुढचं अख्खं घराणं त्या पन्नास पेसोंवर उभं आहे. तो प्रसंग पुस्तकात पटकन उरकलाय, पण माझ्या कागदावर पिलारकडून सांता सोफियाकडे जाणारी जाड रेघ मी तिथेच ओढली.

इथून मी एक गोष्ट वाढवली, आणि तुला खरी मदत तिचीच होईल. प्रत्येकाच्या नावाखाली मी लिहायला लागले की ह्याला स्वतःबद्दल काय माहीत आहे. कारण ह्या कादंबरीतला गोंधळ फक्त आपला वाचकांचा नाही, त्यातल्या माणसांनाच आपण कोणाचे ते माहीत नसतं, आणि आपल्याला मात्र लेखकाने सांगितलेलं असतं, म्हणून एखादा माणूस दुसऱ्याला 'काका' म्हणतो तेव्हा आपण थबकतो, की हा काका कसा?

आर्कादिओचंच उदाहरण घे. गोळ्या घालायला नेतात तेव्हा त्याला शेवटची इच्छा विचारतात, तो सांगतो की लहान मुलीचं नाव ऊर्सुला ठेवा, तिच्या आजीचं, आणि जन्माला यायचंय तो मुलगा झाला तर होसे आर्कादिओ ठेवा, पण काकाच्या नावावरून नाही, आजोबांच्या नावावरून. मी हे वाक्य कितीदा तरी परत वाचलं. त्याच्या मते तो ऊर्सुलाचा आणि थोरल्या होसे आर्कादिओ बुएन्दियाचा मुलगा, म्हणून त्याच्या पोरांची आजी ऊर्सुला, आजोबा तो झाडाला बांधलेला म्हातारा, आणि जिप्सींबरोबर गेलेला होसे आर्कादिओ त्याचा भाऊ, म्हणजे पोरांचा काका. प्रत्यक्षात ज्याला तो काका म्हणून बाजूला सारतोय तोच पोरांचा खरा आजोबा आहे, आणि ज्याला आजोबा म्हणतोय तो पणजोबा. एक पिढी सरकलीय सगळी. मरताना माणूस आपल्याच बापाचं नाव नको म्हणतो आणि त्याला कळतही नाही, आणि लेखक त्यावर एक शब्दही जास्त खर्च करत नाही, ओळखायचं तर आपण ओळखायचं.

बरं, ती इच्छा तरी पाळली का, तर तीही नाही. ऊर्सुलाच म्हणते की माझं नाव नको, ह्या नावाच्या बाईला फार भोगावं लागतं, आणि मुलगी होते रेमेदिओस. आणि मुलगा एक नाही, दोन होतात, होसे आर्कादिओ सेगुंदो आणि आउरेलियानो सेगुंदो.

जुळ्यांपाशी तू अडकली होतीस ना, म्हणजे आडदांड, खाणारा-पिणारा, पार्ट्या करणारा तो आउरेलियानो कसा आणि हडकुळा, एकटा खोलीत बसून कागद वाचणारा तो होसे आर्कादिओ कसा, हे उलटं वाटतं. तुझं वाटणं बरोबर आहे. ऊर्सुलाचा स्वतःचा हिशोब आहे की ह्या घरातले आउरेलियानो अबोल पण डोक्याने तल्लख, आणि होसे आर्कादिओ धडाडीचे पण नशिबाने दुर्दैवी, आणि ह्या हिशोबात फक्त जुळे बसत नाहीत. तिला संशय आहे की लहानपणी ते दोघं कपडे आणि नावाच्या कड्यांची अदलाबदल करत, एकमेकांच्या नावाने हाक मारली की ओ देत, ते खेळताना कुठेतरी कायमचे बदलले. आणि मेल्यावर, दोघं एकाच क्षणी मरतात, शवपेट्या नेणारे दारू प्यायलेले असतात आणि पेट्या चुकीच्या खड्ड्यांत जातात, म्हणजे बहुतेक तिथे नावं परत जागेवर आली असावीत.

मी यावर बराच वेळ घालवला, की हे झाडावर कसं दाखवायचं, दोन बाणांनी वगैरे. मग कळलं की दाखवायची गरजच नाही. आई एक, बाप एक, अदलाबदल झाली तरी वंशावळ तसूभरही हलत नाही, फक्त पाट्या बदलतात. फेर्नांदाशी लग्न झालेला आणि प्रेयसी पेत्रा कोतेसकडे राहणारा जो कोणी आहे तो सांता सोफियाचा मुलगा, एवढं पुरे. म्हणून मी त्या दोघांना नावाऐवजी 'पार्टीवाला' आणि 'संपवाला' अशा खुणा दिल्या, संपवाला म्हणजे केळी कंपनीच्या संपातल्या गोळीबारातून वाचून आलेला, आणि मग पुढचं सगळं सुरळीत वाचता आलं.

नावांच्या बाबतीत एक सांगून ठेवते, लेखक आपल्याला वाटतो तेवढा गोंधळ घालत नाही, तो फार शिस्तीचा आहे. मूळ पुरुषाला तो कायम पूर्ण नावाने होसे आर्कादिओ बुएन्दिया असंच म्हणतो, कधीच तोडत नाही. आर्कादिओ नुसता म्हटला की पिलारचा. सेगुंदो म्हटलं की जुळ्यांतला. आउरेलियानो होसे असा जोड उलटा लागला की पिलारचा दुसरा. कर्नलला एकदा कर्नल केलं की बहुतेक वेळा कर्नल म्हणूनच येतो. पुढे काहीच न जोडलेला होसे आर्कादिओ दोनच वेळा येतो, दुसऱ्या पिढीतला आणि मग पाचव्या पिढीतला, तोच जो पोप व्हावा म्हणून रोमला पाठवतात, आणि हे दोघं एका वेळी जिवंत नसतात. रेमेदिओस तीन आहेत पण मेमेचं खरं नाव रेनाता रेमेदिओस, फेर्नांदाला रेनाता हवं होतं आणि ऊर्सुलाला रेमेदिओस, म्हणून दोन्ही, आणि गंमत म्हणजे आई तिला रेनाता म्हणते आणि बाकी घर मेमे. तेव्हा नाव जसं छापलंय तसंच्या तसं कागदावर उतरवायचं, आपण छोटं करायचं नाही. आपल्या चर्चेत आपण सगळेच 'तो होसे' 'तो आउरेलियानो' म्हणतो आणि तिथेच घसरतो.

आता तुझा प्रश्न. शेवटचा आउरेलियानो हा मेमेचा आणि मौरिसिओ बाबिलोनियाचा मुलगा, तोच पिवळ्या फुलपाखरांचा मेकॅनिक. फेर्नांदा मेमेला दूर कॉन्व्हेंटमध्ये टाकते, तिथे मूल होतं, एक नन ते टोपलीतून घेऊन येते, आणि फेर्नांदा सांगते की टोपली पाण्यावर तरंगत आली. म्हणजे ज्या बाईला कुळाचा, घराण्याचा एवढा अभिमान, तीच त्या घराण्याच्या एकमेव पुढच्या वारसाची नोंद पुसून टाकते. माझ्या कागदावर त्याच्याखाली 'स्वतःबद्दल काय माहीत' ह्या जागी लिहिलंय, काहीच नाही.

मग आमारांता ऊर्सुला ब्रसेल्सहून परत येते, सोबत तिचा बेल्जियन नवरा गास्तोन. ती मेमेची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे आउरेलियानोची मावशी. पण तोपर्यंत फेर्नांदा गेलेली, आउरेलियानो सेगुंदो गेलेला, खरं सांगू शकणारं घरात कोणी उरलेलं नाही. दोघं प्रेमात पडतात, त्यांना भीती वाटते की आपण भाऊ-बहीण तर नाही, चर्चची दफ्तरं धुंडाळतात, आणि काही मिळत नाही म्हणून शेवटी टोपलीची गोष्टच खरी मानून घेतात. दफ्तरात मिळणार कसं, त्याचा जन्म लपवायचा म्हणूनच ती टोपली रचली होती. आणि ते पिलारचं शेवटचं दर्शन आठव, शंभरी कधीच ओलांडलेली, एका वेश्यागृहाची मालकीण, आणि हा आउरेलियानो आपलं दुःख तिच्याकडे येऊन सांगतो. मेमेचा बाप आउरेलियानो सेगुंदो, त्याचा बाप आर्कादिओ, त्याची आई पिलार. म्हणजे हा आपल्या खापरपणजीसमोर बसलाय आणि त्याला पत्ता नाही. दुसऱ्या वाचनात मला तिथे रडू आलं.

जे बाळ होतं त्याचं नातं काढताना कागदावरची रेघ पहिल्यांदाच मागे वळते. इतका वेळ सगळं उजवीकडे सरकत होतं. बाळ आईकडून मोजलं तर सहाव्या पिढीत, कारण आमारांता ऊर्सुला पाचवी, आणि बापाकडून मोजलं तर सातव्या पिढीत. फेर्नांदा आईकडून त्याची आजी आणि बापाकडून पणजी. मेमे एका बाजूने आजी, दुसऱ्या बाजूने मावशी. बापच आईचा भाचा, त्यामुळे बाळ आपल्या बापाचं मावसभावंडही लागतं. तू म्हणालीस ना की शेवटी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं नात्यात, ते हेच. ऊर्सुलाला अगदी पहिल्यापासून ज्याची धास्ती होती ते हेच, ती आणि तिचा नवरा नात्यातले, आणि तिच्या मावशी-आत्यांपैकी एकीचं त्याच्या नात्यातल्याच एका वडीलधाऱ्याशी लग्न होऊन शेपटीचा मुलगा झाला होता, जो बेचाळिसाव्या वर्षी ती शेपटी खाटीक मित्राकडून तोडून घेताना रक्तस्रावाने मेला. मधल्या पिढ्यांत ते टळत गेलं, आमारांता आणि तिचा भाचा आउरेलियानो होसे ह्यांच्यात अगदी काठावर येऊन टळलं, आणि जिथे नातं कोणालाच माहीत नव्हतं नेमकं तिथे घडलं. नात्याची भीती असून उपयोग नाही, नातं माहीत असावं लागतं, आणि ते लपवलं गेलं दोनदा, आर्कादिओपासून आणि ह्या आउरेलियानोपासून. दोन्ही वेळा घराच्या अब्रूसाठी.

बाळाचं नाव आईला रोद्रिगो ठेवायचं होतं, बाप म्हणतो नाही, आउरेलियानो.

एक नाव मात्र अजून कुठे लिहावं हे माझं ठरत नाहीये, रेबेका. ती आईबापांची हाडं पोत्यात घेऊन येते, सोबतचं पत्र म्हणतं की ती ऊर्सुलाची लांबची नातेवाईक, पण पत्रातली माणसं ना ऊर्सुलाला आठवतात ना तिच्या नवऱ्याला. तिला मूल नाही, त्यामुळे माझ्या 'कोणाच्या पोटचं' ह्या पद्धतीत ती कुठेच बसत नाही. आणि तरी म्हातारपणी आंधळी झालेली ऊर्सुला बसून विचार करते तेव्हा तिला वाटतं की जिने माझं दूध कधी प्यायलं नाही, माती खाल्ली, त्या रेबेकातच ती हिंमत होती जी मला माझ्या वंशात हवी होती. मी तिला सध्या ऊर्सुलाच्या खाली पेन्सिलने लिहून ठेवलंय, बाकी मुलांच्या ओळीत, कारण ऊर्सुलाने जर तिला तिथे धरलंय तर माझ्या पद्धतीसाठी मी तिला बाहेर काढणं बरोबर नाही. तुझं काय मत ते भेटलो की सांग, तोवर शाईने गिरवत नाही.